जवळचा मार्ग खोडत गेल्याने मेंगरचं प्रमेय हाती लागत नाही

"दोन ठिकाणांमध्ये एकही रस्ता सामायिक नसलेले मार्ग किती? सर्वांत जवळचा मार्ग घ्या, त्याचे रस्ते खोडा, उरलेल्यांतून पुन्हा जवळचा घ्या. मार्ग मिळेनासा झाला की उत्तर आलं. पडताळायचं असेल तर दोन्ही टोकांचे रस्ते मोजा, नाहीतर मधल्या नदीवरचे पूल मोजा. डेक्कन ते शनिवारवाडा असेल तर मुठेचे पूल मोजले की झालं. लहान आकडा तोच मेंगरचा कट."

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये परीक्षेआधी हा मजकूर फिरतो, आणि तो पाठ करून मुलं चुकीची उत्तरं लिहितात. दोन ठिकाणांमधल्या सगळ्या वाटा तोडणारे रस्ते म्हणजे कट, आणि मेंगरचं प्रमेय रस्त्यांच्या रूपात असं सांगतं की रस्ता सामायिक नसलेले मार्ग जास्तीत जास्त जितके, तितक्याच रस्त्यांचा सर्वांत लहान कट असतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी खोडण्याची पद्धत. कागदावर प पासून न पर्यंतचा एक नकाशा काढा. प–अ–ब–न हा सरळ मार्ग. प–क–ख–ब ही वाट बाजूने येऊन ब ला मिळते. अ–ग–घ–न ही वाट अ पासून फुटून न ला पोचते. शिवाय प–च–क आणि घ–छ–न असे दोन छोटे वळसे. सर्वांत जवळचा मार्ग अर्थातच प–अ–ब–न. तो खोडला की प कडून निघालेला माणूस क, ख करत ब पर्यंत येतो आणि तिथेच अडकतो. म्हणजे उत्तर एक. पण प–अ–ग–घ–न आणि प–क–ख–ब–न हे दोन मार्ग डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांच्यात एकही रस्ता सामायिक नाही.

चूक जवळचा मार्ग निवडण्यात नाही. एकदा घेतलेला रस्ता परत सोडता येत नाही, असं धरून चालण्यात आहे. फोर्ड आणि फुलकर्सन यांच्या पद्धतीत तो सोडता येतो: न वापरलेल्या रस्त्यावरून कसंही जा, आणि वापरलेल्या रस्त्यावरून फक्त उलट दिशेने. ब ला अडकलेला माणूस अ–ब वरून उलटा अ ला जातो, तिथून ग, घ करत न ला पोचतो. अ–ब वरचं जाणं आणि उलट येणं एकमेकांना रद्द करतं, आणि उरलेल्या तुकड्यांतून वरचे दोन मार्ग आपोआप जुळतात.

आता दोन मार्ग घेतलेले असताना पुन्हा प पासून निघा. च ला जाता येतं, तिथून क ला. पुढे क–ख आधीच त्याच दिशेने वापरलेला आहे, प–अ सुद्धा. शोध थांबला. पोचता आलेली ठिकाणं प, च, क एवढीच, आणि त्यांच्यातून बाहेर पडणारे रस्ते दोनच: प–अ आणि क–ख. ते बंद केले की प पासून न ची वाट तुटते. दोन मार्ग, दोन रस्त्यांचा कट.

हा योगायोग नव्हे. शोध थांबतो तेव्हा सीमेवरचा प्रत्येक रस्ता बाहेरच्या दिशेने वापरलेला असतो. तो रिकामा असता किंवा आतल्या दिशेने वापरलेला असता, तर आपण त्यावरून पुढे गेलो असतो. त्यामुळे प्रत्येक मार्ग सीमा एकदाच ओलांडतो आणि कटमधले रस्ते मार्गांइतकेच निघतात. कट त्याहून लहान असूच शकत नाही, कारण प्रत्येक मार्गाला कटमधला निदान एक वेगळा रस्ता लागतो. खोडण्याच्या पद्धतीची चूक इथेच पकडता येते: एक मार्ग हेच उत्तर असेल तर एकच रस्ता बंद करून प पासून न ची वाट तोडून दाखवा. वरच्या नकाशात असा रस्ता नाही.

टोकांचे रस्ते मोजणं याच नकाशावर फसतं. प ला तीन रस्ते, न लाही तीन, आणि उत्तर दोन. टोकांचा आकडा ही फक्त वरची मर्यादा आहे, खरी अडचण मध्ये कुठेही असू शकते.

पुलांचं उदाहरण तर मुळातच कट नाही. लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, मुठेवरचे सगळे पूल बंद केले तरी शिवाजीनगरहून खडकीला जाऊन होळकर पुलावरून मुळा ओलांडता येते, येरवड्याला पोचता येतं आणि बंडगार्डनच्या पुलावरून पुन्हा पेठांच्या बाजूला येता येतं. कट म्हणायचं तर ते रस्ते काढल्यावर एकही वाट उरता कामा नये, वळशाचीसुद्धा.

एक गोष्ट त्या मजकुरात नाही, पण तो वाचून मुलं हमखास गृहीत धरतात: मार्ग दोन आहेत, म्हणजे एखादा चौक बंद पडला तरी चालेल. तसं नाही. रस्ते वेगळे असलेले दोन मार्ग एकाच अलका टॉकीज चौकातून जाऊ शकतात. कार्ल मेंगर यांचं १९२७ चं प्रमेय मुळात बिंदूंबद्दल, म्हणजे इथल्या चौकांबद्दल आहे. रस्त्यांचं रूप १९५६ च्या प्रवाहाच्या प्रमेयातून सरळ निघतं. चौक सामायिक नसलेले मार्ग हवे असतील तर दोन टोकं सोडून प्रत्येक चौकाचे 'येणारा' आणि 'जाणारा' असे दोन भाग करायचे आणि त्यांच्यामध्ये एकच एकेरी रस्ता टाकायचा. प्रत्येक दुहेरी रस्त्याचे दोन एकेरी करून एका चौकाच्या 'जाणारा' भागातून दुसऱ्याच्या 'येणारा' भागात न्यायचे, आणि मग न वापरलेल्या एकेरी रस्त्याची दिशा पाळून हीच पद्धत चालवायची.