ऑड्स रेशो तीन आला? वाटा पेढे!

परवा एका पीजी रेसिडेंटचा थिसिस "सर, फक्त एकदा नजर टाका" म्हणून माझ्याकडे आला. सबमिशन दुसऱ्या दिवशी, हे सांगायला नकोच. गाईडची सही आधीच झालेली. तो वाचल्यावर वाटलं, लॉजिस्टिक रिग्रेशनचा अर्थ लावायची ही पद्धत महाराष्ट्रभर पोचायला हवी, म्हणून या टिपा.

सगळ्यात आधी, साधं क्रॉसटॅब अजिबात बघू नका. डेटा आला की थेट एसपीएसएसमध्ये ढकला.

आउटपुटमध्ये `B` नावाचा कॉलम दिसेल. तिथे 1.10 आलंय? लिहा, "धोका 110 टक्क्यांनी वाढला." तो आकडा ऑड्सच्या लॉगमधला फरक असतो वगैरे बोलणाऱ्यांना चहाला पाठवा.

रेफरन्स कॅटेगरी कुठली होती हे कुणालाही सांगू नका. तुम्हालाही माहीत नसेल तर उत्तमच.

वयाचा `B` 0.05 आला की `Exp(B)` 1.05 बघून "वयाचा परिणाम नगण्य" म्हणून मोकळे व्हा. तो एका वर्षाचा आकडा आहे, दहा वर्षांच्या फरकाला e^0.5 म्हणजे 1.65 होतो, पण एवढा हिशोब करत कोण बसतंय.

आता मुख्य टीप. `Exp(B)` 3 आला की "तिप्पट शक्यता" लिहायचं. थिसिसमध्ये हेच होतं: "लोहाच्या गोळ्या न घेणाऱ्या गरोदर महिलांना ॲनिमिया होण्याची शक्यता तिप्पट." मी क्रॉसटॅब काढलं. आकडे गोल करून सांगतो: गोळ्या घेणाऱ्या 100 पैकी 50 जणींना ॲनिमिया, न घेणाऱ्या 100 पैकी 75 जणींना. आता 50 ची तिप्पट किती हो? 150. शंभर बायकांमध्ये दीडशे ॲनिमिक! हे गाईडला दिसलं नाही, को-गाईडला दिसलं नाही, सिनॉप्सिस पास करणाऱ्या कमिटीने तर बहुतेक फक्त मार्जिन मोजले असावेत. अहो, ऑड्स म्हणजे ज्यांना झाला भागिले ज्यांना नाही झाला. पहिल्या गटात 50/50 म्हणजे 1, दुसऱ्यात 75/25 म्हणजे 3, म्हणून ऑड्स रेशो 3 आणि त्याचा लॉग तो 1.10. सॉफ्टवेअरचं काही चुकलं नाही. पण शक्यता 50 टक्क्यांवरून 75 वर गेली, म्हणजे दीडपट झाली. दीडपट! तीही काही कमी नाही, मग फुगवायची गरज काय होती?

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजून लाजू नका, मोठमोठ्यांची साथ आहे. 1999 साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. 720 डॉक्टरांना छातीत दुखणाऱ्या पेशंटचं काम करणाऱ्या नटनट्यांचे व्हिडिओ दाखवून विचारलं, कार्डिॲक कॅथेटरायझेशनला (आपण बोलताना अँजिओग्राफी म्हणतो ते) पाठवाल का? गोऱ्या पेशंटपैकी 90.6 टक्क्यांना पाठवा म्हणाले, काळ्यांपैकी 84.7 टक्क्यांना. ऑड्स रेशो 0.6. पेपरवाल्यांनी छापलं, काळ्यांना पाठवण्याची शक्यता 40 टक्क्यांनी कमी! 84.7 ला 90.6 ने भागा, 0.93 येतं, म्हणजे 7 टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये श्वार्ट्झ, वोलोशिन आणि वेल्च यांनी हे उकलून दाखवलं. शिवाय फरक सगळा काळ्या स्त्रियांमुळे होता, त्यांचं प्रमाण 78.8 आणि बाकी तिन्ही गटांचं 90.6. खरा मुद्दा तो होता आणि तो "40 टक्के"च्या गोंगाटात बुडाला.

बास, आता टिपा नाहीत, सरळच बोलतो. ऑड्स रेशो 3 म्हणजे किती फरक, हे सुरुवात कुठून होते ते सांगितल्याशिवाय कळतच नाही. मूळ शक्यता 1 टक्का असेल तर ती जवळपास 3 टक्के होते, तिथे "तिप्पट" खपून जातं. 50 असेल तर 75. 90 असेल तर साधारण 96. कोइफिशियंट तिन्हीकडे तोच 1.10. तुम्ही वाचता ती पुस्तकं दुर्मिळ आजारांवर "ऑड्स रेशो म्हणजेच रिस्क रेशो" शिकवतात आणि तुम्ही ते निम्म्या लोकांना असलेल्या ॲनिमियाला चिकटवता. केस-कंट्रोल स्टडी असता तर समजू शकतो, तिथे केसेस किती घ्यायच्या हे आपणच ठरवतो, त्यामुळे शक्यता काढताच येत नाही, ऑड्स रेशोवरच भागवावं लागतं. पण तुम्ही बायकांना नवव्या महिन्यापर्यंत फॉलो केलंय! दोन्ही गटांची टक्केवारी तुमच्याच मास्टर चार्टमध्ये पडलीय. ती टेबलात आधी टाका, मॉडेलमधून दोन्ही गटांची प्रेडिक्टेड शक्यता काढून शेजारी लिहा, ऑड्स रेशो आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल त्यानंतर, आणि "ऑड्स तिप्पट" लिहायचं असेल तर "ऑड्स"च लिहा, "शक्यता" नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. ते न करता रात्री अकराला "सर, p value तर सिग्निफिकंट आहे ना?" असला मेसेज मला परत टाकू नका.