नजरगहाणाची नोंद उशिरा झाली तर

"आमच्या बँकेचा करार आधीचा, मग दुसऱ्या बँकेचा हक्क आमच्या पुढे कसा?"

नोंदणीची तारीख बघा. समजा, एका सूत कंपनीने तुमच्याकडे गोदामातला माल आणि ग्राहकांकडची येणी नजरगहाण ठेवली, म्हणजे ताबा कंपनीकडेच राहिला आणि तारण तुम्हाला मिळालं; करार १ एप्रिलचा. हा बोजा नोंदवायचा फॉर्म CHG-1 तीस दिवसांत, म्हणजे १ मेपर्यंत कंपनी निबंधकाकडे जायला हवा होता. तो जादा शुल्क भरून २० मेला गेला. मधे ५ मेला दुसऱ्या बँकेने निबंधकाकडचं रेकॉर्ड शोधलं, तुमचा बोजा दिसला नाही. तिने त्याच तारणावर ६ मेला करार केला आणि ९ मेला नोंदही केली. उशिराची नोंद कायद्याला चालते, पण ती होण्याआधी कोणी मिळवलेल्या हक्काला तिच्यामुळे बाध येत नाही, हे कंपनी कायद्याच्या कलम ७७ मध्येच लिहिलंय.

गोदामाच्या दारावर बँकेचा बोर्ड होता, असं म्हणून भागत नाही. येण्यांना तर दारच नसतं! नोंद राहूनच गेली असती तर कंपनी अवसायनात गेल्यावर लिक्विडेटरने तुमचा बोजा धरलाच नसता. कर्ज वसूल करायचा हक्क उरला असता, पण विनातारण.

आता दुसऱ्या बँकेकडून तारणावर दोघांच्या समान हक्काचं लेखी पत्र मिळतंय का ते बघा. ती बांधील नाही, तरी मागाच.