‘बिल शून्य झालं’ या स्क्रीनशॉटवर घरगुती सोलर का विकू नये

गच्चीवर सोलर बसवून देणाऱ्या बहुतेक व्यावसायिकांच्या फेसबुक पानावर ग्राहकांचे अभिप्राय एकाच साच्याचे दिसतात. हात जोडलेल्या कुटुंबाचा पॅनेलसमोर फोटो, खाली ‘खूप छान काम, धन्यवाद’, आणि शेजारी दोन वीजबिलं: आधी ३,८००, नंतर १३०. वर मोठ्या अक्षरात ‘बिल शून्य!’ पोस्टला लाइक भरपूर मिळतात, पण ‘साइट बघायला या’ म्हणणारा फोन येत नाही. माझ्या मते यात दोष ग्राहकाच्या शब्दांचा नसतो. तो अभिप्राय चुकीच्या दिवशी मागितलेला असतो, चुकीच्या प्रश्नावर मिळालेला असतो आणि चुकीच्या माणसाला दाखवलेला असतो.

सोलर घेणारा माणूस दीड-दोन लाख रुपये एकदम बाहेर काढणार असतो, त्यामुळे त्याच्या शंका अगदी ठरलेल्या असतात. स्लॅबला भोकं पाडली तर पावसात गळेल का? नेट मीटर कधी लागेल? सबसिडी खरंच खात्यात येते का? पावसाळ्यात वीज किती मिळेल? दोन वर्षांनी इन्व्हर्टर बंद पडला तर कोण येणार? ‘छान काम’ यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही.

मुळात अभिप्राय म्हणजे साक्ष, आणि साक्षीदाराने जे पाहिलं तेवढंच तो सांगू शकतो. पॅनेल बसवलं त्या संध्याकाळी ग्राहकाने फक्त तुमची माणसं पाहिलेली असतात. वेळेवर आली का, जिन्याच्या भिंती खराब केल्या का, स्ट्रक्चरचे पाय कसे बसवले, जाताना गच्ची झाडली का, एवढंच त्याला ठाऊक असतं. त्या दिवशी त्याच्याकडून ‘बचतीबद्दल बोला ना’ म्हणून वाक्य घेतलं, तर ते वाक्य तुमचं असतं, त्याचं नसतं. वाचणाऱ्यालाही ते लगेच जाणवतं.

म्हणून एकाच ग्राहकाकडे तीन वेळा जावं. पहिल्यांदा काम संपल्यावर दोन-तीन दिवसांत, फक्त कामाबद्दल विचारायला. दुसऱ्यांदा नेट मीटर लागून दोन बिलं आल्यावर. एक बिल पुरत नाही, कारण पहिल्या बिलात मीटर बदलाचे अर्धे-मुर्धे दिवस असतात. तिसऱ्यांदा पहिला पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास. गळती, वारा आणि कमी ऊन या तिन्ही परीक्षा तेव्हा झालेल्या असतात. हा तिसरा अभिप्राय सगळ्यांत मोलाचा, आणि तोच कोणी मागत नाही.

विचारायचं कसं? ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ येणारच. त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

‘लावायच्या आधी घरात कोणाचा विरोध होता, आणि कशावरून?’
‘काम चालू असताना काय खटकलं?’
‘बिल हातात आल्यावर पहिल्यांदा कुठला आकडा पाहिलात?’
‘शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांभाळायला सांगाल?’

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मागा. लिहायला सांगितलं की माणूस अर्जासारखं लिहितो, बोलताना मात्र खरं बोलतो. नोट जशीच्या तशी उतरवून घ्या. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी ठेवा, कोल्हापुरी असेल तर कोल्हापुरी. लांबलेलं कापायला हरकत नाही, पण ‘पण’ कापू नका. ‘मीटरला उशीर झाला, पण पोरं रोज फोन करून सांगत होती’ यातला पहिला अर्धा भाग उडवला तर उरलेल्या अर्ध्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

उतरवलेला मजकूर ग्राहकाला परत पाठवा आणि तीन गोष्टींची वेगवेगळी संमती लेखी घ्या: पानावर टाकू का, पैसे देऊन जाहिरातीत चालवू का, नाव-फोटो वापरू का. ‘पोस्ट करा’ म्हणणाऱ्या माणसाला आपला चेहरा महिनाभर अख्ख्या तालुक्याला जाहिरातीत दिसणार आहे याची कल्पना नसते. बिलाचा फोटो टाकताना बारा आकडी ग्राहक क्रमांक, पत्ता आणि मोबाइल नंबर झाका. बऱ्याच पोस्टमध्ये हे तिन्ही उघडे असतात, हे फार वाईट आहे.

आता बिलाकडे येऊ, कारण केस स्टडी तिथेच ढासळते. सोयीसाठी आकडे धरून एक उदाहरण करतो. एका घराचा वर्षाचा वापर ४,२०० युनिट. ३ किलोवॉटचा संच लावला. महाराष्ट्रात साधारणपणे किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे दिवसाला १२ आणि वर्षाला ४,३८० च्या आसपास. कागदावर वापर पूर्ण भागतो. तरीही बिल शून्य होत नाही, कारण स्थिर आकार वापर शून्य असला तरी लागतो. ‘बिल शून्य’ ऐकून आलेला ग्राहक पहिल्याच बिलावर तुम्हाला फोन करतो, आणि त्याची तक्रार रास्त असते.

दुसरी गफलत महिन्यांची. मेमधलं एसी-कूलरचं बिल ‘आधी’ म्हणून आणि पुढच्या फेब्रुवारीचं ‘नंतर’ म्हणून लावलं तर फरक प्रचंड दिसतो, पण त्यातला बराचसा वाटा हवामानाचा असतो. तुलना त्याच महिन्याची करा, आणि शक्य असेल तर बारा बिलांची बेरीज बारा बिलांच्या बेरजेशी. सोबत रुपयांच्या आधी युनिट द्या. दर बदलतात, युनिट बदलत नाहीत. शिवाय महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, त्यामुळे तेवढीच सोलर वीज महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या घरात जास्त रुपये वाचवते आणि १२० युनिटच्या घरात कमी. वाचणाऱ्याला स्वतःचं घर ताडून पाहता आलं पाहिजे. ते युनिटवरूनच जमतं.

मग पैशांचा भाग. समजा ग्राहकाने १,९५,००० रुपये दिले. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे (पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००). ते संच सुरू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येतं. म्हणून ‘फक्त १,१७,००० मध्ये’ असं लिहू नका. आधी १,९५,००० लागले, संच अमुक तारखेला सुरू झाला, अनुदान अमुक तारखेला जमा झालं, असं लिहा. या दोन तारखांमधलं अंतर हीच लोकांना हवी असलेली माहिती असते. बारा बिलांची बेरीज आधी ४२,०००, नंतर ४,००० असेल, तर वर्षाची बचत ३८,००० आणि १,१७,००० वसूल व्हायला तीन वर्षांहून थोडा जास्त काळ. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती किती खाली आली तेही इन्व्हर्टरच्या ॲपमधल्या महिनावार आकड्यांसह दाखवा. पडता महिना दाखवणाऱ्या केस स्टडीवर माणूस बाकीच्या अकरा महिन्यांचंही खरं मानतो.

हे सगळं जाहिरातीत कोंबायचं नाही. ज्याने तुमचं नाव कधी ऐकलं नाही त्याला एकच वाक्य पुरे, आणि ते पहिल्या ओळीत हवं. फेसबुकवर जाहिरातीचा मजकूर साधारण १२५ अक्षरांनंतर ‘आणखी पहा’मागे जातो. ग्राहकाचं वाक्य, त्याखाली परिसर, संचाची क्षमता आणि बसवल्याचा महिना, एवढंच. ‘बाबांना स्लॅब गळायची भीती होती. एक पावसाळा गेला, थेंब नाही. सिडको, नाशिक, ३ किलोवॉट’ अशी ओळ चालते, कारण तीच भीती वाचणाऱ्याच्या घरातही असते. ज्यांनी पानावर व्हिडिओ पाहिला किंवा मेसेज केला, त्यांना पुन्हा दाखवायच्या जाहिरातीत नेट मीटर आणि अनुदानाच्या तारखांचे अभिप्राय ठेवा. पूर्ण केस स्टडी कोटेशन दिल्यानंतर व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि तीही त्याच क्षमतेच्या, त्याच प्रकारच्या छताची. पत्र्याच्या शेडवाल्याला स्लॅबची गोष्ट उपयोगाची नाही. व्हिडिओ असेल तर उभा, मिनिटाच्या आत, आणि खाली मराठी ओळी हव्यातच, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात.

कुठला अभिप्राय काम करतो हे पाहायचं तर चित्र, बजेट आणि लोक तेच ठेवून फक्त वाक्य बदला, आणि लाइक न मोजता साइट पाहायला बोलावणारे मोजा.

गुगलवरच्या रिव्ह्यूबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. ‘पाच स्टार द्या, सर्व्हिसिंग मोफत’ हे गुगलच्या नियमांत बसत नाही. खूश ग्राहकांनाच निवडून लिंक पाठवणंही बसत नाही. लिंक सगळ्यांना पाठवा. स्वतःच्या माणसांनी ग्राहक बनून लिहिणं ही तर सरळ फसवणूक आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. त्याच वर्षी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत शिफारस करणाऱ्याचा जाहिरातदाराशी संबंध असेल तर तो उघड करावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘ते ग्राहक म्हणाला, आम्ही नाही’ ही पळवाट नाही. तुम्ही ते वाक्य जाहिरातीत लावलंत की दावा तुमचा झाला. मेहुण्याच्या गच्चीवर सवलतीत संच बसवला असेल, तर जाहिरातीत तसं लिहा किंवा दुसरा ग्राहक शोधा.

तीन स्टारचा रिव्ह्यू आला तर घाबरू नका. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल केंद्राने ऑनलाइन खरेदीच्या अभ्यासात दाखवलं होतं की खरेदीची शक्यता ४.० ते ४.७ रेटिंगच्या टप्प्यात सर्वाधिक असते, पूर्ण पाचवर नाही. ‘मीटरला दोन महिने लावले’ असं कोणी लिहिलं तर खाली तारखा लिहा: अर्ज कधी केला, तपासणी कधी झाली, मीटर कधी आलं, आणि यातला कुठला उशीर तुमचा होता. पुढचा ग्राहक ते उत्तर वाचूनच ठरवतो.

शेवटी एक साधी वही किंवा शीट ठेवा. ग्राहक, परिसर, क्षमता, छताचा प्रकार, अभिप्राय कोणत्या टप्प्यावर घेतला, कोणत्या शंकेचं उत्तर देतो, कशाची संमती आहे, आणि कधीपर्यंत वापरायचा. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. वीजदर किंवा अनुदान बदललं की रुपयांचे अभिप्राय त्याच दिवशी जाहिरातीतून काढा. गळती, वागणूक आणि सर्व्हिसिंगबद्दलचे मात्र चालू ठेवता येतात, आणि दोन-तीन वर्षांनी त्याच ग्राहकाला पुन्हा विचारून त्यांखाली नवी तारीख घालता येते.