“एसी बसवू ना?” एवढंच विचारा

भाड्याच्या घरात एसी बसवायचाय आणि मालकांची परवानगी हवी आहे? मग एक पथ्य पाळा. ‘भोक’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. रविवारी सकाळी फोन करा, काकूंच्या गुडघ्याची चौकशी करा आणि फोन ठेवता ठेवता म्हणा, “काका, एसी बसवू ना?” काका म्हणतील, “बसवा की, तुमचंच घर आहे!” झाली परवानगी. काकांच्या डोळ्यांसमोर खिडकीत बसणारा एसी असतो, तुमच्या डोळ्यांसमोर स्प्लिट. दोघंही खूश.

करारनाम्यात बहुधा एक कलम असतं, की मालकाच्या लेखी संमतीशिवाय भिंतीत तोडफोड करणार नाही. ते वाचायची घाई नको. नोंदणीच्या दिवशी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, तेव्हा आपला अंगठा तरी नीट उमटतोय का, याचीच काळजी जास्त असते.

व्हॉट्सॲपवर तर असलं काही चुकूनही लिहू नका: “काका, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीत, खिडकीच्या डावीकडे, पाइपसाठी अडीच इंचाचं एक भोक पाडावं लागेल. आतल्या युनिटच्या पट्टीला पाच-सहा स्क्रू आणि बाहेरच्या स्टँडला चार फास्टनर लागतील. फोटोवर खूण केली आहे. घर सोडताना भोक बुजवून द्यायचं की तुम्हाला तसंच हवंय, ते आत्ताच सांगा.” असा निरोप गेला आणि काकांनी “चालेल” लिहिलं, की डिपॉझिटच्या वेळी भांडायला उरतं काय? अकरा महिने एकाच घरात राहून माणसानं काहीतरी नातं जोडायला नको?

मग मेकॅनिक येईल. भिंत कसली आहे, हे त्याला विचारू नका. आतलं युनिट छताजवळ बसतं आणि छताजवळच बीम असतो, हा त्या दोघांचा खाजगी मामला आहे. ड्रिल लावलं की आधी प्लास्टरची करडी भुकटी पडते. मग लाल भुकटी आली तर वीट लागली. करडीच पडत राहिली आणि ड्रिल जेमतेम सरकतंय, तर तो काँक्रीट असण्याचा संभव मोठा. तेवढ्यात ड्रिल किंचाळून जागच्या जागी अडलं, तर बहुधा सळई लागली. शहाणा भाडेकरू इथे थांबून जागा बदलायला लावतो. तुम्ही मात्र म्हणा, “दाबा जरा.” बीमची सळई काकांच्या मालकीची आहे आणि ती पुट्टीने परत जोडता येत नाही, हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं?

काही नव्या टॉवरमध्ये बाहेरच्याच नव्हे, आतल्याही भिंती काँक्रीटच्या ओततात. तिथे अनेकदा बिल्डरनेच एसीच्या पाइपसाठी भोक ठेवून त्यावर झाकण बसवलेलं असतं. ते शोधायचं नाही. शेजारी नवं पाडायचं. पुरुषार्थ म्हणून काही आहे की नाही?

आता उतार. पाण्याची नळी याच भोकातून बाहेर जाते आणि पाणी आपल्या वजनानेच वाहतं. म्हणून भोकाचं बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा साधारण सेंटीमीटरभर खाली हवं. पण मेकॅनिक बुटक्या स्टुलावर असतो, ड्रिल खालून वर धरतो आणि भोक नेमकं उलटं उतरतं. मग एसीचं पाणी नळीत तुंबून युनिटखालून भिंतीवर ओघळतं आणि पावसाळ्यात बाहेरचंही पाणी पाइपाच्या कडेने पाहुण्यासारखं आत येतं. जुलैत युनिटखाली रंग फुगला, की समजा, काम पक्कं झालं. मेकॅनिकला जायच्या आधी युनिटच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का, हे दाखवायला सांगणारे लोक असतात. संशयी स्वभाव, दुसरं काय.

एसीच्या आनंदात मेकॅनिककडूनच पुस्तकांची फळीही मारून घ्या, स्विचबोर्डच्या बरोब्बर वर. भिंतीतली वायर बोर्डातून बहुधा सरळ वरच जाते. मेन स्विच पडला की ती सापडली.

मग घर सोडायचा दिवस येतो. काका भोकासमोर उभे राहून म्हणतात, “मी एसीला हो म्हटलं होतं, याला नाही!” विटेचा तुकडा, थोडा माल, वर पुट्टी, एवढ्यानं भोक बुजेल, असं तुम्ही म्हणाल. काका म्हणतील, तेवढाच डाग दिसेल, भिंत रंगवावी लागेल. एक भिंत रंगवली की उरलेल्या तीन जुन्या दिसतात, म्हणून खोली. खोली रंगवली की हॉल जुना दिसतो. डिपॉझिट कुठे संपेल, ते हॉलच्या आकारावर.

पैसे कापून झाले, किल्ल्या दिल्या. आठवड्याने सहज त्याच घराची जाहिरात उघडा. तिसऱ्या फोटोत तुमचं भोक आहे तसंच असेल, नुसतं गोल झाकण लावलेलं. खाली लिहिलेलं: “एसी पॉइंट तयार.” भाडं दोन हजारांनी जास्त.