'दोन गट' कधी लिहायचं, कधी नाही

रात्रपाळीच्या डेस्कवर इतकी वर्षं काढली, त्यात सर्वांत जास्त वेळा हाताखालून गेलेला मथळा म्हणजे 'दोन गटांत तुफान राडा, शहरात तणावपूर्ण शांतता'. गावाचं नाव तेवढं बदलायचं.

परवा पावणेअकराला तालुक्याच्या वार्ताहराची कॉपी आली. 'विशिष्ट समाजाच्या शेकडोंच्या जमावाने चाल करून तुफान दगडफेक केली. शहरात भीतीचे सावट.' फोन लावला. शेकडो म्हणजे किती रे? "चाळीसेक असतील, साहेब." तू पाहिलेस? "नाही, ग्रुपवर व्हिडिओ आला." ठाण्यात नोंद काय? तर दुचाकीचा धक्का लागून दोघांची बाचाबाची झाली, मग दोन्हीकडची पोरं जमली. परस्परविरोधी फिर्यादी.

छापलं ते असं: 'दुचाकीचा धक्का लागल्यावरून मंगळवारी रात्री आठच्या सुमारास बसस्थानकासमोर दोन गटांत मारामारी व दगडफेक झाली. तिघे जखमी आहेत. परस्परविरोधी फिर्यादींवरून नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला. बसस्थानक रस्ता वगळता बाजारपेठ सुरू होती.'

शेवटचं वाक्य मी मुद्दाम मागवून घेतलं. 'शहरात तणाव' वाचून पुण्यात नोकरीला असलेली पोरं घरी फोन करत सुटतात, आणि इथे तर एकच रस्ता बंद होता. 'विशिष्ट समाज' काढला, कारण तो शब्द नाव घेत नाही, बोट मात्र दाखवतो. नऊ जणांची नावंही गाळली. आपल्याकडे आडनाव छापलं की जात छापल्यासारखीच असते.

पण हाच नियम डोळे मिटून सगळीकडे लावला की घोळ होतो. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरुवातीच्या बातम्यांत ते अनैतिक संबंधांतून झालेलं हत्याकांड होतं. कुटुंब दलित, जमिनीच्या वाटेचा वाद, आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात त्या चौघांतल्या सुरेखाबाईंनी दिलेली साक्ष, हे वाचकापर्यंत पोचायला आठवडे गेले. तिथे जात गाळणं म्हणजे बातमीच गाळणं. पुढे कोर्टात ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, तेही लिहायचं. पण कोर्टाचं म्हणणं म्हणून, आपला निकाल म्हणून नाही.

म्हणून मी स्वतःला एकच विचारतो: जात काढली तर 'हे का झालं' याचं उत्तर बदलतं का? धक्क्याच्या भांडणात बदलत नव्हतं. वरात अडवली, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, अशा बातमीत बदलतं. तिथे 'दोन गट' लिहिलं तर मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत उभे राहतात. तिथे कोणी कोणाला अडवलं हे सरळ लिहायचं, फिर्यादीतलं असेल तर 'फिर्यादीनुसार' म्हणून.

दुसऱ्या दिवशी वार्ताहराचा फोन. "साहेब, बाकीच्यांनी शेकडो छापलं. आपलीच बातमी मिळमिळीत दिसते."

दिसू दे म्हटलं. जखमी घरी आले का, ते विचारून संध्याकाळपर्यंत पाठव.