रात्री बाबा

घरात एखादा डॉक्टर असला की लग्नातही त्याला जिभा दाखवतात. मी भाषाविज्ञान शिकलो, त्यामुळे मला कविता दाखवतात. परवा भाची कागद घेऊन आली. "मामा, शैलीवैज्ञानिक विश्लेषण करायचंय. फोरग्राउंडिंग, विचलन, समांतरता, सगळं यायला हवं." कविता कुणा अनाम कवीची, एवढीशी:

सकाळी चूल पेटते.
दुपारी उन पेटतं.
संध्याकाळी दिवा पेटतो.
रात्री
बाबा

भाचीने आधीच दीड पान लिहून आणलं होतं. त्यातलं एक पान 'उन'मधल्या ऱ्हस्व उकारावर. म्हणे, कवीने उन्हाची लांबी जाणीवपूर्वक कमी केली आहे, हे लेखनातलं विचलन. मी म्हटलं, "ही टायपिंगची चूक आहे." ती म्हणाली, "नियम मोडलाय ना? मग?"

हा रोग जुना आहे. विचलन म्हणजे नियम मोडणं, एवढंच पाठ केलं की माणूस कवितेत पोलिसासारखा हिंडू लागतो. पण मोडलेला प्रत्येक नियम काही उठून दिसत नाही. यान मुकारझोव्स्की या प्राग संप्रदायाच्या अभ्यासकाने 1932 साली फोरग्राउंडिंगबद्दल नेमकं हेच मांडलं: काहीतरी पुढे यायचं तर बाकीचं मागे राहावं लागतं, सगळंच पुढे आलं तर पुढे असं काही उरत नाही. म्हणून विचारायचं ते असं, की या मोडतोडीचं कवितेतल्या दुसऱ्या कशाशी जुळतं का? 'उन'चं कशाशीच जुळत नाही. ते दीर्घ केलं तर कवितेचा केसही वाकडा होत नाही. पान गेलं. भाचीने ते ज्या नजरेने खोडलं, ती नजर तिच्या आईची.

आता खरं काम. पहिल्या तीन ओळींचा साचा एकच आहे: वेळ, वस्तू, पेटणं. ही समांतरता. यात चूल पेटते हे रोजचंच. ऊन मात्र एरवी पडतं, तापतं. ते पेटलं हे अर्थाचं विचलन. दिवा तर आपण 'लागला' म्हणतो, पण साच्याच्या दबावाखाली त्यालाही पेटावं लागलंय. तीन ओळींत कवीने कवितेपुरता एक नवा नियम रुजवला: इथे जे येईल ते पेटेल.

आणि मग तो स्वतःचाच नियम मोडतो. ओळ मधेच तुटते, क्रियापद गायब, पूर्णविरामही नाही. याला अंतर्गत विचलन म्हणतात. बोलताना क्रियापद गाळणं काही गुन्हा नाही. इथे ते टोचतं ते आधीच्या तीन ओळींमुळे. त्या झाकून नुसतं 'रात्री बाबा' वाचा. एखाद्या रेल्वे आरक्षणाची नोंद वाटेल.

"पण क्रियापद घालून टाकलं तर?" भाचीने विचारलं. चांगला प्रश्न; तपासायची रीतच ती, मोडलेलं जोडून पाहायचं. 'रात्री बाबा पेटतात.' झाली तक्रार, पोलीस ठाण्यात द्यायच्या लायकीची. कवीने न सांगितलेलं आपण मनात म्हणतो, आणि म्हटल्यावर दचकतो. ते दचकणं गेलं.

इतक्यात पेपरामागून भावोजी बोलले, "रात्री बाबा घोरतात. त्यात काय एवढं?"

सगळे हसले, आणि त्या हसण्यानेच माझा मुद्दा सिद्ध झाला. 'घोरतात'वर हसू येतं कारण कानात 'पेटतात' आधीच येऊन बसलेलं असतं. साचा नसता तर ही नुसती घरगुती माहिती होती.

मात्र विश्लेषणाची धाव इथपर्यंतच. रिकाम्या जागेत कोणतं क्रियापद आहे ते साचा सांगतो; बाबा कशाने पेटतात ते सांगत नाही. रागाने? तापाने? की ही चिता आहे? भाचीला एकच उत्तर हवं होतं, परीक्षकांना ते आवडतं म्हणून. मी तिला तिन्ही उत्तरं लिहायला लावली आणि कवितेत कोणत्या उत्तराला किती आधार मिळतो तेही. चूल आणि दिवा रोज पेटतात, त्यामुळे राग पुढे सरकतो. चिता रोज पेटत नाही, ती मागे पडते. पण बाद होत नाही.

एक गोष्ट मलाच उशिरा दिसली. पेटते, पेटतं, पेटतो: स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, पुल्लिंग, तिन्ही वापरून झाली. चौथ्या जागी उरतं आदरार्थी 'पेटतात'. क्रियापद गाळून कवीने तो आदरही गाळला. आता वाचणाऱ्याने ठरवायचं, या बाबांना 'पेटतो' म्हणायचं की 'पेटतात'.

भाचीने पेन उचललं, पेपराकडे एकदा पाहिलं आणि 'पेटतात' लिहिलं.