'ठेवलीस' म्हणजे मुलगीच?

"'चावी कुठे ठेवलीस?' असं लिहिलंय, म्हणजे मेसेज मुलीलाच होता."

नाही. 'ठेवलीस'मधली 'ली' चावीची आहे, फक्त शेवटचा 'स' तेवढा 'तू'चा. चावीऐवजी डबा असता तर 'ठेवलास', पाकीट असतं तर 'ठेवलंस'. समोर मुलगा असो की मुलगी. आपण इंदूरकर हिंदीत मुलालाही "चाबी कहाँ रखी?" असंच विचारतो की! मराठी वाचतानाच कसं विसरायला होतं?

त्याच मेसेजची पुढची ओळ कुणी वाचलीच नाही: "काल पण चावी विसरलास." 'विसरणे' हे क्रियापद वस्तूमागे जात नाही, विसरणाऱ्यामागे जातं. मुलगी असती तर 'विसरलीस' आलं असतं. तेव्हा मेसेज मुलीला नव्हे, मुलाला होता.